चेकआउटच्या स्क्रीनशॉटमध्ये नसलेली ओळ: प्रमाणपत्राविना विकलेल्या कोर्सचा रिफंड

या प्रकरणातल्या ग्राहक एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात. कामाला उपयोगी पडेल असा कोर्स कर्मचाऱ्याने केला, तर त्याची फी कंपनी परत देते. अट एकच, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यांनी डेटा विश्लेषणाचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. आठ विभाग, एकूण ३२ धडे, आपल्या वेळेनुसार बघायचे. पैसे भरण्याआधी वरिष्ठांची मंजुरी लागते म्हणून त्यांनी चेकआउटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून वरिष्ठांना पाठवला, मंजुरी आली, आणि मग पैसे भरले. दुसरा विभाग संपवून त्याची चाचणी दिल्यावर डॅशबोर्डवर ‘प्रमाणपत्र’ नावाचा कप्पा पहिल्यांदा दिसला. त्यावर कुलूप होतं, आणि खाली लिहिलं होतं की हे फक्त ‘प्रो’ प्लॅनमध्ये मिळतं. यांनी घेतलेला प्लॅन ‘स्टँडर्ड’ होता.

खरेदी ३ तारखेची, कुलूप दिसलं २१ तारखेला. त्याच रात्री त्यांनी विक्रेत्याला रागाच्या भरात ईमेल लिहिली आणि सोबत तो स्क्रीनशॉट जोडला. दोन दिवसांनी नकार आला. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. ग्राहकांच्या तक्रारींचा मसुदा करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अशा तक्रारी कुठे अडतात ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पहिली ईमेल आणि तिला आलेलं उत्तर

त्यांच्या पहिल्या ईमेलमध्ये मुख्य वाक्य असं होतं: “तुम्ही चेकआउटवर प्रमाणपत्र देण्याचं कबूल केलं होतं, सोबतचा स्क्रीनशॉट पाहा.” पुढे फसवणूक, लूट, पोलिसात जाईन, सोशल मीडियावर टाकीन, असं सगळं होतं.

अडचण अशी की स्क्रीनशॉटमध्ये प्रमाणपत्राचा शब्दही नव्हता. देणार असंही नाही, देणार नाही असंही नाही. सपोर्टमधल्या माणसाने तो उघडला, पाहिला, आणि शांतपणे उत्तर दिलं. त्याचा आशय असा: तुम्हीच पाठवलेल्या चित्रात या प्लॅनमध्ये काय काय मिळतं त्याची यादी आहे. त्यात प्रमाणपत्र नाही. म्हणजे ते मिळणार नव्हतं, हे तुम्हाला पैसे भरताना दिसत होतं. शिवाय रिफंडची मुदत १४ दिवसांची आहे आणि ती संपली आहे.

हे उत्तर वाचून बहुतेक लोक हार मानतात, कारण ते तर्कशुद्ध वाटतं. आपलाच पुरावा आपल्यावर उलटला, अशी भावना होते. त्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला, “ताई, मी तो स्क्रीनशॉट पाठवायलाच नको होता का?”

पाठवायलाच हवा होता. त्यातून जे सिद्ध होत नाही ते त्याच्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न झाला, आणि जे सिद्ध होतं ते सांगायचं राहून गेलं. गप्प असलेल्या पानावरून ‘तुम्ही कबूल केलं होतं’ असं म्हणता येत नाही. ‘पैसे घेण्यापूर्वी तुम्ही मला हे सांगितलं नाही’ असं मात्र म्हणता येतं. हे दुसरं विधान ऐकायला सौम्य वाटतं, पण रिफंडसाठी तेच भक्कम आहे. पहिलं विधान खोडायला विक्रेत्याला नुसता स्क्रीनशॉट उघडावा लागतो. दुसरं खोडायचं तर त्याला दाखवावं लागतं की त्याने ते कुठे आणि कधी सांगितलं.

स्क्रीनशॉट नीट वाचला तेव्हा

आम्ही तो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी `/checkout?plan=standard&src=email` असं दिसत होतं. डावीकडे कोर्सचं नाव, त्याखाली प्लॅनचं नाव, आणि मग बरोबरची खूण केलेल्या चार ओळी: ३२ व्हिडिओ धडे, डाउनलोड करता येणाऱ्या सराव फाइल्स, मोबाइल आणि संगणक दोन्हीवर वापर, आणि कायमचा अॅक्सेस. उजवीकडे खोडलेली जुनी किंमत, नवी किंमत, कूपनचा रकाना. पैसे भरण्याच्या बटणाच्या वर बारीक अक्षरांत, पैसे भरले म्हणजे आमच्या अटी मान्य केल्या, अशी ओळ. खाली उजव्या कोपऱ्यात संगणकाची तारीख आणि वेळ.

दोन गोष्टींवर आम्ही थांबलो. पहिली, यादीच्या खाली ‘अधिक तपशील’ असं लिहिलेला एक छोटा बाण होता. स्क्रीनशॉटमध्ये तो मिटलेला होता. त्याच्या आत ‘प्रमाणपत्र समाविष्ट नाही’ असं लिहिलेलं असेल, तर आपल्या म्हणण्यातली हवाच निघून जाणार. उघडून न पाहता पुढे जाणं धोक्याचं होतं. आम्ही तेच चेकआउट पान पुन्हा उघडलं, बाण दाबला, आणि आत धड्यांची संख्या, एकूण तास, भाषा आणि सबटायटलची माहिती निघाली. प्रमाणपत्राबद्दल तिथेही काही नव्हतं. त्या पानाचा वरपासून खालपर्यंतचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवला. अर्थात तो नंतरचा आहे आणि मधल्या काळात पान बदललं असू शकतं. म्हणून पत्रात आम्ही दोन्ही चित्रांच्या तारखा वेगवेगळ्या सांगितल्या आणि दुसऱ्या चित्रावर फारसा भार टाकला नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती, आणि ती पत्त्याच्या त्या शेपटीत होती. `src=email` हा तुकडा ग्राहक लिहीत नाही. कोणत्या जाहिरातीतून किती विक्री झाली हे कळावं म्हणून विक्रेताच स्वतःच्या लिंकला तो जोडतो. म्हणजे या बाई विक्रेत्याच्या ईमेलमधून आल्या, हे विक्रेत्याच्याच खुणेने स्क्रीनशॉटमध्ये नोंदलं गेलं होतं. मी विचारलं, “ती ईमेल अजून आहे का तुमच्याकडे?” होती. १ तारखेची, विक्रेत्याच्या नेहमीच्या पत्त्यावरून आलेली. विषयाची ओळ होती: कोर्स पूर्ण करा, प्रमाणपत्र मिळवा. आत याच कोर्सचं नाव, नमुना प्रमाणपत्राचं चित्र आणि ‘आता प्रवेश घ्या’ असं बटण. प्लॅनचा उल्लेख कुठेच नाही.

ते बटण आम्ही ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये दाबून पाहिलं, म्हणजे जुन्या लॉगिनचा परिणाम होऊ नये. ते थेट चेकआउटवर गेलं. प्लॅन निवडायचं पान मध्ये आलंच नाही, ‘स्टँडर्ड’ आधीच निवडलेलं होतं. पत्ता स्क्रीनशॉटमधल्यासारखाच होता. बटण दाबण्यापासून चेकआउटचं पान उघडेपर्यंतचा स्क्रीनचा व्हिडिओ करून ठेवला.

मग साइटवर प्लॅनची तुलना कुठे आहे ते शोधलं. मुख्य मेनूतून ‘प्लॅन आणि किंमत’ या पानावर गेलं की तक्ता दिसतो. त्यात ‘प्रमाणपत्र’ या ओळीत स्टँडर्डखाली फुली आणि प्रोखाली बरोबरची खूण आहे. नेहमीच्या प्रश्नांच्या पानावरही कोणत्या प्लॅनमध्ये प्रमाणपत्र मिळतं याचं उत्तर आहे. चेकआउटवरून ज्या अटींना लिंक दिली होती, त्या अटी मात्र आम्ही पूर्ण वाचल्या आणि त्यांत ‘प्रमाणपत्र’ हा शब्द शोधून पाहिला. एकदाही आला नाही.

आता चित्र स्पष्ट झालं. विक्रेत्याने माहिती लपवून ठेवली होती असं म्हणता येणार नाही, ती साइटवर होती. पण ज्या वाटेने त्याने या ग्राहकाला पैशांपर्यंत नेलं, त्या वाटेवर ती कुठेच नव्हती. त्या वाटेच्या सुरुवातीला मात्र प्रमाणपत्राचं चित्र होतं.

मला एक शंका उरली होती. त्यांनी आधी कधी ते तुलनेचं पान पाहिलं असेल तर? विक्रेत्याच्या सर्व्हरवर कोण कुठल्या पानावर गेलं याची नोंद राहू शकते. आपण ‘मी ते पान पाहिलंच नाही’ असं लिहावं आणि समोरून नोंद निघावी, यापेक्षा वाईट काही नाही. त्यांनी ब्राउझरचा इतिहास पाहिला. १ ते ३ तारखेच्या दरम्यान त्या साइटवरचं फक्त चेकआउटचं पान आणि पैसे भरल्यानंतरचं पान होतं. त्याआधी महिनाभर साइटची भेटच नव्हती. तेव्हा पत्रात आम्ही लिहू शकलो की या खरेदीत ते पान समोर आलं नाही.

यादीत नाही म्हणजे मिळणार नाही?

विक्रेत्याच्या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवं होतं, कारण त्यात तथ्य आहे. चार गोष्टींची यादी दिली असेल तर पाचवी गृहीत धरू नये, हे सर्वसाधारणपणे बरोबरच आहे. या ग्राहकाला ईमेल आलीच नसती, त्या स्वतःहून साइटवर गेल्या असत्या, यादी वाचून पैसे भरले असते, आणि नंतर प्रमाणपत्र का नाही असं विचारलं असतं, तर मी त्यांना सांगितलं असतं की विनंती करून पाहा, पण हक्काने मागायला आधार कमी आहे. बरेच ऑनलाइन कोर्स प्रमाणपत्राशिवाय विकले जातात. फुकट बघा आणि प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे भरा, ही पद्धतही जगभर रूढ आहे. तेव्हा नुसत्या मौनावर दावा उभा राहत नाही.

इथे यादीच्या आधी निमंत्रण आहे. विक्रेत्यानेच म्हटलं, पूर्ण करा आणि प्रमाणपत्र मिळवा. त्याच्याच बटणाने चेकआउटवर नेलं. तिथे आलेल्या माणसाच्या मनात प्रमाणपत्राची अपेक्षा विक्रेत्यानेच घातली आहे, आणि ती अपेक्षा या प्लॅनपुरती खोटी आहे हेही त्यालाच ठाऊक आहे. अशा वेळी ती खोडायला स्पष्ट शब्द लागतात. चार बरोबरच्या खुणा म्हणजे काय मिळेल हे झालं. आधी दाखवलेली गोष्ट मिळणार नाही, हे त्यातून कळत नाही. त्यात यादी तरी कसली, तर धडे, फाइल्स, मोबाइल, कायमचा अॅक्सेस. ही सगळी कोर्स बघण्याच्या सोयीची यादी आहे. प्रमाणपत्र कोर्स संपल्यावर मिळतं, त्यामुळे ते या यादीत नसणं कुणालाही खटकणार नाही.

कायद्यांचा कलही याच बाजूला आहे. युरोपीय संघाच्या २००५ सालच्या अनुचित व्यापारी प्रथांबाबतच्या निर्देशात, खरेदीचा निर्णय घ्यायला गरजेची असलेली महत्त्वाची माहिती वगळणं, किंवा ती अस्पष्टपणे अथवा अवेळी देणं, हे दिशाभूल करणारं मानलं आहे. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं येतं. शब्द वेगळे आहेत आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दाने फरकही पडतो. तरी दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो: ही माहिती निर्णय बदलणारी होती का? आमच्या पत्रात मात्र एकही कलम घातलं नाही. पहिल्या पत्रात कलमं आली की ते पत्र सपोर्टच्या हातून कायदा विभागाकडे जातं, आणि तिथे ते हळू चालतं. कलमं हातची राखून ठेवावीत.

निर्णय बदलणारी माहिती होती का, याचं उत्तर त्यांच्याकडे लेखी होतं. स्क्रीनशॉट वरिष्ठांना पाठवताना त्यांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या: “हा कोर्स घेते आहे, शेवटी सर्टिफिकेट मिळेल, ते क्लेमला लावते. मंजुरी द्यावी.” खरेदीच्या आधीचा, तिसऱ्याच माणसाला लिहिलेला, तारखेसकटचा हा संदेश. आता पैसे परत हवेत म्हणून त्या प्रमाणपत्राचं निमित्त काढत आहेत, असा संशय घ्यायला जागाच राहत नाही. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात चांगला कागद हाच होता, आणि त्यांना तो पुरावा वाटलाच नव्हता.

१४ दिवसांची मुदत

रिफंडच्या अटींमध्ये लिहिलं होतं: १४ दिवसांच्या आत आणि ३० टक्क्यांपेक्षा कमी कोर्स पाहिला असेल तर पैसे परत. त्यांनी आठपैकी दोन विभाग पाहिले होते, म्हणजे २५ टक्के. दुसरी अट पाळली गेली होती, पहिली नाही.

अशी मुदत प्रामुख्याने मन बदलणाऱ्यासाठी असते. कोर्स आवडला नाही, वेळ नाही, दुसरा सापडला, अशा कारणांसाठी विक्रेत्याने स्वतःहून दिलेली ती सवलत आहे. सवलत देणारा तिला दिवसांची मर्यादा घालू शकतो. विकताना महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही, ही तक्रार त्या सवलतीतून येत नाही, म्हणून ती त्या मुदतीत बांधली जात नाही. त्यात या साइटवर प्रमाणपत्राचा कप्पा दुसऱ्या विभागाच्या चाचणीनंतरच उघड होत होता. म्हणजे मनापासून, सावकाश शिकणाऱ्या माणसाला उणीव कळेपर्यंत मुदत टळून जाण्याचीच शक्यता जास्त. हा मुद्दा आम्ही पत्रात एका वाक्यात घातला. मात्र कुलूप दिसल्यावर त्यांनी पुढचा एकही धडा पाहिला नाही आणि त्याच दिवशी कळवलं, हे ठळकपणे लिहिलं. कळल्यानंतरही कोर्स बघत राहिलं की दावा झपाट्याने पातळ होतो. त्यांनी रागाने का होईना, लगेच लिहिलं हे फार उपयोगी पडलं.

दुसरं पत्र

पत्र सपोर्टकडच्या त्याच तक्रारीच्या तिकिटाखाली उत्तर म्हणून पाठवलं, म्हणजे आधीची नोंद तुटत नाही. मजकूर असा होता:

“नमस्कार. माझ्या २१ तारखेच्या ईमेलमध्ये मी लिहिलं होतं की चेकआउटवर प्रमाणपत्राचं आश्वासन होतं. ते वाक्य मी मागे घेते. चेकआउटच्या पानावर प्रमाणपत्राबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

१ तारखेला तुमच्याकडून मला ‘कोर्स पूर्ण करा, प्रमाणपत्र मिळवा’ अशी ईमेल आली (जोडपत्र १). त्यातल्या बटणावरून मी थेट चेकआउटवर आले. प्लॅन आधीच निवडलेला होता आणि प्लॅनची तुलना करणारं पान मध्ये आलं नाही (जोडपत्र २, व्हिडिओ). पैसे भरण्यापूर्वी ३ तारखेला काढलेला चेकआउटचा न कापलेला स्क्रीनशॉट जोडला आहे (जोडपत्र ३). पत्त्याच्या पट्टीत `src=email` दिसतं. या पानावर, आणि तिथून लिंक दिलेल्या अटींमध्ये, स्टँडर्ड प्लॅनमध्ये प्रमाणपत्र मिळत नाही असं कुठेही नाही.

प्रमाणपत्र हेच माझ्या खरेदीचं कारण होतं. त्याच दिवशी वरिष्ठांना पाठवलेला संदेश जोडला आहे (जोडपत्र ४). प्रमाणपत्र मिळणार नाही हे मला २१ तारखेला दुसऱ्या विभागाच्या चाचणीनंतर कळलं. त्याच दिवशी मी कळवलं आणि त्यानंतर एकही धडा पाहिलेला नाही.

मी मन बदललं म्हणून रिफंड मागत नाही, त्यामुळे १४ दिवसांची मुदत या विनंतीला लागू होत नाही असं माझं म्हणणं आहे. कृपया भरलेली पूर्ण रक्कम त्याच कार्डवर परत करावी आणि माझा अॅक्सेस बंद करावा. ७ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नकार असल्यास, स्टँडर्डमध्ये प्रमाणपत्र नाही हे मला पैसे भरण्यापूर्वी कोणत्या पानावर दाखवलं गेलं, ते कृपया कळवावं.”

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ घालवला. नकार देणाऱ्याला साचेबंद उत्तर चिकटवता येऊ नये, यासाठी ते आहे. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर सपोर्टच्या माणसाला स्वतः ती वाट चालून पाहावी लागते, आणि ती चालली की त्यालाही तेच दिसतं जे आम्हाला दिसलं.

पहिलं वाक्य मागे घ्यायला त्या आधी तयार नव्हत्या. “मग मीच खोटी ठरेन ना?” मी म्हटलं, “खोटं त्यांनी आधीच पकडलंय. तुम्ही स्वतः दुरुस्त केलंत की बाकीच्या सगळ्या वाक्यांवर त्यांना विश्वास ठेवावा लागतो.” पत्रात ‘फसवणूक’ हा शब्दही ठेवला नाही. हेतू काय होता ते आपल्याला माहीत नाही. जाहिरातीची ईमेल एकाने लिहिली असेल, चेकआउट दुसऱ्याने बनवलं असेल आणि दोघांनी एकमेकांचं काम पाहिलंच नसेल. रिफंड मागायला हेतू सिद्ध करायची गरज नाही, मग ते ओझं कशाला घ्यायचं?

जोडपत्रांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. स्क्रीनशॉटची त्यांच्या फोनवरची प्रत चॅटमधून परत आलेली होती. चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि फाइलमधली मूळ माहितीही सहसा राहत नाही. पत्त्याची पट्टी त्या प्रतीत धूसर झाली होती, `src` वाचताही येत नव्हतं. लॅपटॉपवरची मूळ फाइल शोधून तीच जोडली, तिचं नावही बदललं नाही, कारण नावात तारीख आणि वेळ आपोआप आली होती. बाण आणि गोल काढलेली वेगळी प्रत केली, पण मूळ प्रतीसोबत. नुसती खुणा केलेली किंवा कापलेली प्रत पाठवली की कापलेल्या भागात काय होतं, हा प्रश्न समोरच्याच्या मनात येतोच. कार्डाचा नंबर दिसत असता तर तो झाकला असता आणि झाकल्याचं पत्रात लिहिलं असतं. इथे तो रकाना रिकामा होता.

उत्तरं आणि तडजोड

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सूर बदलला होता. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि तेवढ्याच रकमेचं क्रेडिट, त्यातून त्यांच्याकडचा दुसरा कोणताही कोर्स घेता येईल. आमचा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. पान कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

क्रेडिट घेतलं की पैसे विक्रेत्याकडेच राहतात, शिवाय बऱ्याचदा त्याला वापरायची मुदत असते. त्यांना त्या साइटवरचं दुसरं काही नको होतं. एका वाक्याचं उत्तर गेलं की क्रेडिट नको, मूळ कार्डवर रक्कम हवी, आणि विचारलेल्या पानाची माहिती अजून मिळालेली नाही.

दरम्यान पुढची पायरी तयार ठेवली. पैसे कार्डने भरले होते, म्हणून बँकेमार्फत व्यवहारावर हरकत घेता येत होती. व्हिसाच्या नियमांत वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तू किंवा सेवेसाठी १३.३ हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते. त्याआधी विक्रेत्याशी सोडवायचा प्रयत्न केला हे दाखवावं लागतं, आणि आमच्याकडे तो लेखी होता. पण विक्रेत्याशी बोलणं चालू असताना बँकेकडे जाऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. दोन्हीकडून पैसे आले तर एक परत करावे लागतात, आणि हरकत आली की बरेच विक्रेते खातंच गोठवून बोलणं थांबवतात. बँकही हमखास ग्राहकाच्या बाजूने निर्णय देते असं नाही. विक्रेत्याला तिथे आपली बाजू मांडता येते, आणि तो ‘२५ टक्के कोर्स पाहिला आहे’ हे नक्की मांडणार.

तेच त्याने आमच्यापुढेही मांडलं. पुढच्या उत्तरात प्रस्ताव आला: पाहिलेल्या दोन विभागांचे २५ टक्के कापून बाकी ७५ टक्के त्याच कार्डवर. अट अशी की हे प्रकरण यातच पूर्ण मिटलं असं मान्य करावं.

माझं मत असं होतं की ही कपात पटणारी नाही. प्रमाणपत्राशिवाय त्या दोन विभागांचा त्यांना ठरलेला उपयोग नव्हता, आणि ते पाहिले गेले ते विक्रेत्याने वेळेवर न सांगितल्यामुळेच. दुसरीकडे, त्या दोन विभागांतून त्या काहीतरी शिकल्या होत्या, हेही त्यांनी स्वतःच मान्य केलं. सरावाच्या फाइल्स त्या कामात वापरत होत्या. “ताई, ते पिव्होट टेबलचं मला खरंच आलं,” असं त्या म्हणाल्या. पूर्ण रकमेसाठी भांडायचं तर बँकेची हरकत, तिचे आठवडे, आणि मिटल्याचं मान्य न केल्यास हा प्रस्ताव मागे घेतला जाण्याची शक्यता. एक चतुर्थांश रकमेसाठी हे करायचं का, हा निर्णय माझा नव्हता. त्यांनी ७५ टक्के घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या संस्थेचा, प्रमाणपत्र नक्की मिळणारा कोर्स त्यांना त्याच तिमाहीत सुरू करायचा होता, कारण कंपनीची क्लेमची मुदत जवळ येत होती.

मान्यता देताना एक दुरुस्ती मात्र आम्ही सुचवली. ‘रक्कम कार्डवर जमा झाल्यावर प्रकरण मिटलं असं मी मानेन’ असं लिहिलं. नुसतं ‘मिटलं’ असं आधीच लिहून दिलं आणि पैसे अडकले, तर बँकेकडे जायची वाटही आपणच बंद केलेली असते. विक्रेत्याने ते मान्य केलं. काही दिवसांत रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसली. त्याआधीच त्यांनी पावती आणि तिकिटाचा सगळा पत्रव्यवहार डाउनलोड करून ठेवला होता, कारण अॅक्सेस बंद झाल्यावर खात्यातलं काहीच उघडलं नाही.

नवा कोर्स घेताना त्यांनी पैसे भरण्याआधी विक्रेत्याच्या चॅटवर एकच प्रश्न विचारला: मी निवडलेल्या याच प्लॅनमध्ये, वेगळे पैसे न भरता, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळेल का? ‘हो’ असं लेखी उत्तर आल्यावर त्या चॅटचा आणि चेकआउटचा असे दोन स्क्रीनशॉट त्यांनी वरिष्ठांना मंजुरीसाठी पाठवले.